मंद डोळा पंचविशी-तिशीत सापडला तर नजर किती वाढते?

कोकण किनाऱ्यावर मोठ्या माणसाचा मंद डोळा सापडण्याची एक नेहमीची जागा म्हणजे जहाजावरच्या नोकरीची मेडिकल. तिथे एकेक डोळा झाकून तक्ता वाचायला लावतात. उजव्या डोळ्याने खालची ओळ घडाघडा वाचणारा मुलगा डाव्यावर आला की वरच्या दोन ओळींतच अडकतो. तोवर शाळेत, क्रिकेट खेळताना, बाइकवर कुठेच काही जाणवलेलं नसतं, कारण दोन्ही डोळे उघडे असताना चांगला डोळा सगळं काम भागवून नेतो. मग घाईघाईने चष्मा करून बघतात. चष्म्यानेही फारसा फरक पडत नाही, आणि कुणीतरी सांगतं, "लहानपणी आणायला हवं होतं, आता काही होणार नाही."

हे वाक्य निम्मं खरं आहे. लहानपणी उपचार जास्त लवकर आणि जास्त प्रमाणात लागू पडतात, यात वाद नाही. पण मोठेपणी काहीच होत नाही, हे आता तसं मानत नाहीत. किती होतं ते डोळा कशामुळे मंद पडला यावर आणि आधी काही उपचार झालेत का यावर बरंच अवलंबून असतं. म्हणून इथे एकाच प्रकाराकडे नीट बघू: दोन डोळ्यांच्या नंबरात मोठा फरक असल्यामुळे मंद पडलेला आणि कधीच उपचार न झालेला डोळा. हा डोळा तिरळा नसतो, बाहेरून अगदी सरळ दिसतो, म्हणूनच तो लहानपणी सुटून जातो. आणि मोठेपणी सुधारणेला सर्वांत जास्त वाव बहुधा याच प्रकारात असतो.

आधी तो मंद पडतो कसा, ते. समजा उजव्या डोळ्याला नंबर नाही आणि डाव्याला साडेचार प्लस आहे. प्लस नंबरचा डोळा आतल्या भिंगावर ताण देऊन चित्र स्पष्ट करू शकतो, लहान मुलांत तर ही ताकद भरपूर असते. अडचण अशी की हा ताण दोन्ही डोळ्यांना सारखाच मिळतो, प्रत्येकाला वेगळा देता येत नाही. उजव्याला लांबचं बघायला ताण लागतच नाही, आणि जवळचं बघताना उजव्याला पुरेल तेवढाच ताण दिला जातो. डाव्याला त्याहून साडेचार नंबर जास्त हवे असतात, ते कधीच मिळत नाहीत. त्यामुळे तो जन्मापासून लांबचंही धूसर बघतो आणि जवळचंही. मायनस नंबरचं असं नसतं. तीन मायनस असलेल्या डोळ्याला एक-सव्वा फुटावरची वस्तू चष्म्याशिवाय स्वच्छ दिसते, म्हणजे त्याला थोडा तरी सराव मिळतो. म्हणून प्लसमध्ये दीड नंबरचा फरकसुद्धा डोळा मंद पाडायला पुरतो आणि मायनसमध्ये साधारण त्याच्या दुप्पट लागतो.

मेंदूच्या मागच्या भागात नजरेचं केंद्र असतं. तिथल्या पेशी दोन्ही डोळ्यांकडून आलेली माहिती जोडतात. एका डोळ्याकडून वर्षानुवर्षं धूसर चित्र आलं, तर त्या पेशी त्या डोळ्याकडे लक्ष देणं कमी करतात आणि पुढे त्याचं चित्र दाबूनच टाकतात. डोळ्याचा मागचा पडदा, नस, भिंग सगळं धड असतं, पण त्या डोळ्यासाठी बारकावे ओळखणारी जोडणी मेंदूत पक्की झालेली नसते. म्हणून पंचविसाव्या वर्षी अचूक चष्मा लावला तरी त्या क्षणी ६/६, म्हणजे पूर्ण, दिसत नाही. चष्मा चित्र स्वच्छ करून पडद्यावर आणतो, ते वाचायला मेंदू मात्र शिकलेला नसतो.

वयाची अट कुठून आली, तेही इथेच सांगायला हवं. ह्यूबेल आणि वीझल या दोन शास्त्रज्ञांनी १९६० च्या दशकात मांजरीच्या पिल्लांचा एक डोळा पहिल्या काही आठवड्यांत बंद ठेवला. मेंदूतल्या पेशींनी त्या डोळ्याला प्रतिसाद देणं जवळपास सोडून दिलं. मोठ्या मांजराचा डोळा तसाच बंद ठेवला तर असं झालं नाही. पुढे १९८१ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या कामावरून "सात-आठ वर्षांपर्यंत उपचार, नंतर नाही" असा दंडक डॉक्टरांत रुजला. पण डोळा मंद पडण्याचं वय आणि मंद डोळा सुधारण्याचं वय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमेरिकेत २००५ साली ७ ते १७ वर्षांच्या ५०७ मुलांवर एक मोठी चाचणी झाली. त्यातल्या १३ ते १७ वयाच्या ज्या मुलांवर आधी कधीच उपचार झाले नव्हते, त्यांच्यात चष्मा आणि पॅच, म्हणजे चांगला डोळा झाकणारी पट्टी, दोन्ही दिल्यावर ४७ टक्के मुलांची नजर दोन किंवा जास्त ओळींनी वाढली. नुसत्या चष्म्यावर तेवढी वाढ २० टक्के मुलांत दिसली. ज्यांच्यावर आधी उपचार झाले होते त्यांच्यात मात्र पॅचने जादा काही मिळवून दिलं नाही. मोठ्यांच्या बाबतीत आणखी एक पुरावा आहे: अपघाताने किंवा आजाराने चांगला डोळा गेलेल्या काही लोकांत मंद डोळ्याची नजर आपोआप वाढलेली आढळली आहे. सगळ्यांत नाही, ब्रिटनच्या पाहणीत साधारण दहातल्या एकात. म्हणजे मेंदूची दारं मोठेपणी पूर्ण बंद होत नाहीत, पण सताड उघडीही नसतात.

आता एक नमुना घेऊ. हा कुणा एका रुग्णाचा किस्सा नाही, उपचाराच्या पायऱ्या दिसाव्यात म्हणून मांडलेलं उदाहरण आहे. दापोली तालुक्यातला २७ वर्षांचा तरुण. उजवा डोळा चष्म्याशिवाय ६/६. डावा चष्म्याशिवाय ६/६०, म्हणजे चांगल्या नजरेला साठ मीटरवरून वाचता येतं ते त्याला सहा मीटरवरून दिसतं. दुकानात लावलेल्या +३.०० च्या भिंगाने ६/३६. तिरळेपणा नाही, लहानपणी मोतीबिंदू नव्हता, पॅच कधी लावलेला नाही.

पहिलं काम नंबर खरा किती ते काढण्याचं. प्लस नंबर आतल्या ताणामागे लपून राहतो, म्हणून तो सायक्लोपेंटोलेटसारखे थेंब घालून, ताण पूर्ण सैल करून मोजावा लागतो. थेंब घातल्यावर पाऊण तासाने तपासतात. नंतर साधारण दिवसभर जवळचं धूसर दिसतं आणि ऊन सहन होत नाही, म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवत जाऊ नये. आपल्या नमुन्यात थेंबांनंतर डाव्याचा नंबर +४.५० निघतो. दुकानात +३.०० निघाला होता. आधीच्या चष्म्याने फरक पडला नाही याचं निम्मं कारण इथेच सापडलं.

दुसरं काम म्हणजे डोळा खरोखर मंदच आहे ना, याची खात्री. इतर सगळं तपासून काही सापडलं नाही, तरच हे निदान उरतं. बाहुलीला टॉर्चचा उजेड दाखवून दोन्हींची प्रतिक्रिया बघतात. मंद डोळ्यात बाहुली जवळपास नेहमीसारखीच आकसते, ती ठळकपणे सुस्त असेल तर नसेचा विकार शोधायला हवा. बारीक भोकातून बघायला लावतात. भोकातून नजर चांगली वाढली तर दोष नंबराचा किंवा बुबुळाच्या आकाराचा असतो, मंदपणाचा नाही. बुबुळ पुढे टोकदार होत जाण्याचा विकार तरुणांत असतो आणि तो पुष्कळदा "डोळा लहानपणापासून मंद आहे" या शिक्क्याखाली लपून राहतो, म्हणून बुबुळाचा नकाशा काढलेला बरा. मागचा पडदा आणि नस बघायला ओसीटी हे स्कॅन करतात. आणि एक साधा नियम: नंबरातला फरक, तिरळेपणा, लहानपणचा मोतीबिंदू किंवा खाली आलेली पापणी यांपैकी एकही कारण सापडत नसेल, तर मंद डोळा म्हणून गप्प बसू नये. गेल्या वर्ष-दोन वर्षांत नजर कमी झाली, लाल रंग फिका वाटतो, डोळा हलवताना दुखतो, असं असेल तर तो मंद डोळा नव्हेच.

तिसरी गोष्ट मोजमापाची, आणि इथे सर्वांत जास्त फसगत होते. दवाखान्यातल्या नेहमीच्या तक्त्यावर सर्वांत वर ६/६० ला एकच अक्षर असतं, खालच्या ओळीत दोन, मग वाढत जातात. मंद डोळ्याची एक खोड अशी की सुटं अक्षर त्याला ओळखता येतं, पण तेच अक्षर दाटीत आलं की चुकतं. ओळीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर बरोबर, मधली सगळी गोंधळलेली, हे मंद डोळ्याचं अगदी ठरलेलं लक्षण आहे. त्यामुळे बोटाने किंवा पट्टीने एकेक अक्षर दाखवून मोजलं तर नजर खोटीच चांगली येते. शक्य तिथे लॉगमार तक्त्यावर मोजून घ्या. त्यात प्रत्येक ओळीत पाचच अक्षरं असतात आणि ओळी ठरावीक अंतराने लहान होतात. एकाच माणसाची एकाच आठवड्यात दोनदा मोजलेली नजरही पाचेक अक्षरांनी मागेपुढे होते, म्हणून एका ओळीची वाढ ही वाढ धरू नये. दहा अक्षरं, म्हणजे दोन ओळी, सरकल्या तर काही झालं म्हणायचं. दर खेपेला मंद डोळा आधी तपासायला सांगा. चांगल्या डोळ्याने आधी वाचलं की अक्षरं पाठ होतात, नकळत सुद्धा.

एवढं झालं की उपचार सुरू, आणि पहिला उपचार चष्माच. यावर बरेच जण हिरमुसतात, कारण चष्मा तर लावून पाहिलेला असतो. पण बरोबर नंबराचा चष्मा जागेपणी सगळा वेळ महिनोन् महिने लावला की मेंदूला पहिल्यांदाच स्वच्छ चित्राचा सराव मिळतो आणि नजर हळूहळू वर येते. मुलांत ही वाढ साधारण १८ आठवड्यांपर्यंत चालू राहते, हे चांगलं सिद्ध झालेलं आहे. नंबराच्या फरकामुळे डोळा मंद झालेल्या मोठ्यांतही नुसत्या चष्म्याने सुधारणा झाल्याची नोंद आहे, त्यांचे अभ्यास मात्र लहान आहेत. म्हणून चार महिने आणखी काहीही न जोडता चष्मा वापरायचा आणि दर सहा आठवड्यांनी मोजायचं. हे चार महिने न थांबता थेट पॅच किंवा गेम सुरू केले, तर वाढ कशाने झाली ते कळतच नाही. आणि श्रेय बहुतेक वेळा महागड्या गोष्टीला मिळतं.

चष्म्यात गडबड होते ती अशी. एका बाजूला साधी काच आणि दुसऱ्या बाजूला +४.५० चं फुगीर भिंग. फुगीर भिंगातून चित्र काही टक्क्यांनी मोठं दिसतं, शिवाय नजर भिंगाच्या मधोमध न राहता कडेला गेली की दोन चित्रं वेगवेगळी सरकतात. पहिल्या आठवड्यात डोकं जड होतं, जिना उतरताना पायरी चुकल्यासारखी वाटते, घाटातल्या एसटीत मळमळतं. बहुतेक जण इथेच चष्मा काढून ठेवतात आणि "चष्मा मानवला नाही" म्हणतात. त्यावर उपाय आहेत. दोन-तीन आठवडे +३.०० ने सुरुवात करून मग पूर्ण नंबरावर जाता येतं. फ्रेम लहान आणि नाकाजवळ बसणारी घ्यावी, भिंग कमी फुगीर, अ‍ॅस्फेरिक घ्यावं. तरीही जमलं नाही, तर फक्त डाव्या डोळ्यात कॉन्टॅक्ट लेन्स. ती बुबुळालाच चिकटून असल्यामुळे चित्राचा आकार आणि सरकणं दोन्ही त्रास खूप कमी होतात. लेन्सचा नंबर चष्म्याएवढाच नसतो: +४.५० च्या चष्म्याला साधारण +४.७५ ची लेन्स लागते, म्हणून चष्म्याच्या चिठ्ठीवरून परस्पर मागवू नये.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी लेन्सच्या बाबतीत एक गोष्ट काटेकोर पाळायची. लेन्स किंवा तिची डबी विहिरीच्या, नळाच्या किंवा बाटलीतल्या पाण्याने धुवायची नाही, फक्त लेन्सच्या द्रावणाने. समुद्रात, खाडीत, विहिरीत पोहताना लेन्स काढलेलीच हवी. अशा पाण्यात अकांथमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली अडकला तर बुबुळावर अशी जखम करतो की महिनोन् महिने औषधं चालतात आणि नजर कायमची जाऊ शकते. लेन्स घालून झोपायचंही नाही. डोळा लाल झाला, दुखू लागला की लेन्स काढून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे.

आपल्या नमुन्यातला तरुण लेन्स वापरतो. पहिल्या दिवशी नजर ६/३६, सहा आठवड्यांनी ६/२४, चार महिन्यांनी ६/१८ च्या आसपास येऊन थांबते. लागोपाठ दोन तपासण्यांत आकडा हलला नाही, म्हणजे चष्म्याचं काम संपलं. ही वाढ चांगल्यातली आहे. काहींची एक ओळही सरकत नाही, आणि डोळा जितका जास्त मंद तितकी पूर्ण ६/६ ची आशा कमी.

यानंतर पॅच. चांगला डोळा झाकायचा आणि मंद डोळ्याला एकट्याने काम करायला लावायचं. मुलांत मध्यम मंदपणाला रोज दोन तासांचा पॅच सहा तासांइतकाच उपयोगी ठरला आहे. मोठ्यांसाठी ठरलेलं प्रमाण नाही, पण दोन तासांनी सुरुवात करणं व्यवहार्य आहे. त्या दोन तासांत डोळ्याला बारीक आणि थोडं अवघड काम हवं. मोबाइलवर मजकूर वाचायचा, अक्षराचा आकार असा ठेवायचा की जेमतेम वाचता येईल त्याहून दोन पायऱ्या मोठा. आठवड्याने एक पायरी कमी. तांदूळ निवडणं, शब्दकोडं, सुईत दोरा ओवणं, जाळ्याची फाटकी घरं शिवणं, हेही चालतं. टीव्ही समोर लावून बसणं चालत नाही, कारण मोठं आणि हलतं चित्र मंद डोळ्याला आधीपासूनच बऱ्यापैकी दिसतं.

पॅच फसतो तो बहुधा फटीतून. चष्म्यावर लावलेला कापडी पॅच नाकाच्या बाजूने उघडा राहतो आणि मान जराशी वळवून चांगला डोळा हळूच वाचून घेतो. काम अचानक सोपं झालं तर आधी फट शोधावी. चिकटपट्टीचा पॅच नीट झाकतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात घामाने सुटतो आणि कातडीवर पुरळ आणतो. अशा वेळी चष्म्यावर आतून बसणारा, कडा वळवलेला जाड कापडाचा पॅच बरा. दुसरं, पॅच लावलेला माणूस त्या वेळेपुरता ६/१८ नजरेचा असतो आणि खोलीचा अंदाजही त्याला येत नाही. बाइक, होडी, शिडी, कोयता, विळी, यंत्र, सगळं बंद. घरात बसूनच दोन तास काढायचे. संध्याकाळी कामावरून आल्यावर ते जमणार नसेल, तर पॅच लिहून देऊन उपयोग नाही, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावं.

सहा-सहा आठवड्यांनी दोन तपासण्या झाल्या आणि आकडा हलला नाही, तर पॅच थांबवावा. वाढ झाली असेल तर एकदम न सोडता तास कमी करत आणावेत. उपचार थांबल्यावर मिळालेली नजर थोडी मागे जाते, मुलांत साधारण चौथ्या हिश्श्यात असं होतं. चष्मा किंवा लेन्स मात्र कायमच वापरावी लागते, ती सुटली की मागे जाणं जवळपास ठरलेलं.

कॉम्प्युटरवरच्या आणि व्हीआर चष्म्यातल्या गेमच्या जाहिराती आता तालुक्याच्या गावापर्यंत आल्या आहेत. कल्पना चांगली आहे. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं दाखवतात, चांगल्या डोळ्याचं चित्र फिकं करतात आणि मंद डोळ्याचं ठळक, म्हणजे मेंदूला दोन्ही एकत्र वापरल्याशिवाय गेम खेळताच येत नाही. पण २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ७ ते ५५ वयाच्या ११५ जणांना सहा आठवडे रोज तासभर असा ठोकळे रचण्याचा गेम दिला, काहींना खरा आणि काहींना नुसता दिखाऊ. दोन्ही गटांची नजर सारखीच, एका ओळीपेक्षाही कमी वाढली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा काही उपकरणांना परवानगी दिली आहे, पण ती लहान मुलांसाठी. फिके पट्टे ओळखण्याचा सराव हा आणखी एक प्रकार. त्यात मोठ्यांची नजर दीड-दोन ओळींनी वाढल्याचे छोटे अभ्यास आहेत, पण तेच कंटाळवाणं काम दहा-वीस तासांहून जास्त करावं लागतं. आमचं मत असं की चष्म्याचे चार महिने आणि नंतर पॅच झाल्याशिवाय यावर हजारो रुपये घालू नयेत. घालायचेच असतील, तर केंद्राला आधी विचारावं: सुरुवातीची नजर पूर्ण नंबर लावून आणि लॉगमार तक्त्यावर मोजणार का, आणि दोन दिसू लागण्याचा धोका आधी तपासणार का?

हा धोका समजून घ्यायला हवा. मंद डोळ्याचं चित्र मेंदू दाबून ठेवतो म्हणूनच एरवी एकच चित्र दिसतं. उपचाराने ते दाबणं सैल झालं आणि दोन्ही चित्रं जुळवण्याची क्षमता मात्र नसली, तर कायम दोन-दोन दिसू लागतं. सरळ डोळे आणि नंबराचा फरक असलेल्यांत हे क्वचित घडतं, तिरळ्या डोळ्यात जास्त. म्हणून तिरळेपणा असेल तर चांगल्या डोळ्यापुढे हळूहळू गडद होत जाणाऱ्या लाल काचा धरून, किती गडद झाल्यावर दोन दिसतात ते मोजतात. लवकर दिसत असतील तर उपचार जपून करतात. उपचार चालू असताना क्षणभरही दोन दिसलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता पॅच-गेम बंद करून दाखवायला जावं.

गोळ्यांबद्दल थोडक्यात. लेव्होडोपा आणि सिटिकोलिन दोन्ही मंद डोळ्यासाठी वापरून पाहिलेली आहेत. ७ ते १२ वर्षांच्या मुलांवरच्या मोठ्या चाचणीत पॅचसोबत लेव्होडोपा आणि पॅचसोबत नुसती खोटी गोळी, यांत फरक दिसला नाही. मोठ्यांच्या नेहमीच्या उपचारात गोळीला ठाम जागा नाही. लेसरने नंबर जातो, मंदपणा जात नाही: पूर्ण नंबराच्या लेन्सने जेवढं दिसतं साधारण तेवढंच लेसरनंतर बिनचष्म्याचं दिसेल. तिरळेपणाचं ऑपरेशन कोणत्याही वयात होतं आणि डोळा सरळ दिसण्यासाठी करण्यासारखंही असतं, फक्त त्याने तक्त्यावरची ओळ सरकत नाही.

हे सगळं कुठे करायचं? थेंब घालून नंबर काढणं आणि पडदा तपासणं रत्नागिरी-ओरोसच्या जिल्हा रुग्णालयांत किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे होऊ शकतं. तिरळेपणा आणि मंद डोळ्याचा वेगळा विभाग हवा असेल तर मुंबई, पुणे, कोल्हापूर, आणि सावंतवाडी-दोडामार्गकडच्यांना बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज जवळ पडतं. मोठा प्रवास निदानासाठी एकदा करावा आणि सहा आठवड्यांची मोजणी गावाजवळ, पण दर वेळी एकाच ठिकाणी, एकाच तक्त्यावर करून घ्यावी. नोकरीची मेडिकल तोंडावर असेल तर तिची अट आधी लेखी वाचा, कारण काही ठिकाणी प्रत्येक डोळ्याची नजर चष्म्याशिवाय धरतात, आणि तिथे वरच्या उपचारांनी आकडा बदलणार नाही.

ज्याचा एक डोळा मंद आहे, त्याच्यासाठी दुसरा डोळा जपणं हाही उपचाराचाच भाग आहे, कारण त्याच्याकडे बदली डोळा नाही. पॉलिकार्बोनेटच्या भिंगाचा चष्मा, नंबर नसला तरी, कामाच्या वेळी डोळ्यावर हवाच. जांभा चिरा तासताना उडणारी कपची, नारळ सोलताना सुटलेला काथ्या, गवत कापायच्या यंत्रातून आलेला खडा, गळाचा आकडा, वेल्डिंगची ठिणगी, दिवाळीतले फटाके, यांनीच डोळे जातात. साधी काच अशा वेळी फुटून आत घुसते. मधुमेह असेल तर वर्षातून एकदा पडदा, आणि चाळिशीनंतर डोळ्यातला दाब तपासून घ्यावा. चांगल्या डोळ्यात काही गेलं, अचानक पडदा आल्यासारखं दिसलं, ठिपके किंवा विजेसारख्या रेषा चमकल्या, तर त्याच दिवशी निघायचं, सकाळची वाट बघायची नाही.

घरात लहान मूल असेल तर त्याचीही तपासणी करून घ्या, कारण नंबराचा फरक आणि मंद डोळा घराण्यात चालतो. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा सरकारी पथक येतं, पण तिथे दोन्ही डोळे उघडे ठेवून वाचून घेतलं तर असं मूल सहज पास होतं. तीन-चार वर्षांचं मूल अक्षरं ओळखत नसलं तरी चित्रांच्या किंवा ई अक्षराच्या तक्त्यावर एकेक डोळा झाकून नजर मोजता येते आणि थेंब घालून नंबर काढता येतो. त्या वयात सापडलं तर बऱ्याचदा चष्म्यानेच काम भागतं.